डिपॉझिटच्या दाव्याची मुदत

नवी पेठेतला गाळा १० जून २०२३ ला सोडला. मालक डिपॉझिट देत नाही, नुसतं ‘देतो’ म्हणतो. कोर्टात जायला मुदत किती?

तीन वर्षं, म्हणजे १० जून २०२६ पर्यंत दावा दाखल करा. मुदत रिकामा ताबा दिल्यापासून धरा. करारात ‘सोडल्यावर महिन्याभरात परत’ असं असेल तर तो महिना संपल्यावर मोजणी सुरू होते, पण आधीचीच तारीख धरलेली बरी. वकिलाच्या नोटिशीने किंवा फोनवरच्या ‘देतो’ने मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी मालकाने सही करून रक्कम देणं असल्याचं लिहून दिलं, तर मुदत कायदा १९६३ च्या कलम १८ नुसार त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. किल्ली दिल्याची पोच शोधून ठेवा, वाद तारखेवरच होतो. थकीत भाड्यालाही तीनच वर्षं, पण ती प्रत्येक महिन्याची वेगळी.