श्रुतलेखनात ‘खडखडाट’ सोपा आणि ‘गूळ’ अवघड

प्रश्न: मी कोल्हापुरात तिसरीच्या मुलांची शिकवणी घेते. श्रुतलेखनासाठी सोपे, मध्यम, अवघड असे शब्द कसे निवडायचे आणि गुण कसे द्यायचे? एका मुलाचे कायम दहापैकी पाचच बरोबर येतात. त्याला नेमकं काय शिकवायचं ते कळत नाही.

उत्तर:

करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी बरीच वर्षं पहिली ते चौथी शिकवलं, आता निवृत्त आहे. माझी सुरुवातीची यादी मी अक्षरं मोजून केली होती. दोन अक्षरांचे शब्द सोपे, तीन-चार अक्षरांचे मध्यम, त्यापुढचे अवघड. त्यात ‘गूळ’ आणि ‘ऊस’ सोप्यात पडले आणि ‘खडखडाट’ अवघडमध्ये. वह्या तपासल्या तेव्हा बरोबर उलटं झालेलं. खडखडाट बहुतेकांनी बिनचूक लिहिला होता. गूळ मात्र निम्म्याहून जास्त मुलांनी ‘गुळ’ लिहिलेला, तेही गुऱ्हाळाच्या गावात!

त्याचं कारण साधं आहे. खडखडाटमध्ये कानाला जे ऐकू येतं तेच कागदावर उतरवायचं असतं. ‘गूळ’ म्हणताना उ लांबतो आणि ‘गुळाचा’ म्हणताना आखडतो, पण तो आपोआप होतो. त्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून मुलाचा कान तिकडे लक्षच देत नाही. तिथे कानाचं काम संपतं आणि नियमाचं सुरू होतं. म्हणून लांबी न बघता, हा शब्द बरोबर लिहायला मुलाला कशाचा आधार घ्यावा लागतो, ते बघून पायऱ्या पाडा.

पहिल्या पायरीवर नुसत्या कानाने जमणारे शब्द ठेवा: घागर, बाजार, नांगर, खडखडाट. दुसरीवर जोडाक्षरं. इथेही कानच लागतो, पण तो तयार करावा लागतो. ‘चप्पल’मधला प्प ठसक्यात असतो, लगेच कळतो. ‘पन्हाळा’, ‘कोल्हा’, ‘म्हैस’ यांतला ह मात्र श्वासासारखा हलका असतो आणि आपल्याकडे घाईने बोलताना तो गळूनच पडतो. तिसऱ्या पायरीवर नियमाने ठरणारी वेलांटी आणि उकार. चौथीवर ना कान उपयोगी ना नियम, असे पाठच करायचे शब्द: औषध, वर्ष, भाषा. आज बोलताना श आणि ष आपण एकच करतो, त्यामुळे ‘नीट ऐक रे’ म्हणून काही साधत नाही. चौथी पायरी तिसरीतल्या मुलांना मी गुणांसाठी देत नसे.

आता गुणांचं. शब्द पूर्ण बरोबर तर एक, नाहीतर शून्य, ही पद्धत तपासायला सोपी आहे, पण त्यातून तुम्हाला काही कळत नाही. मी दहा शब्दांना १४ गुण ठेवायची. समजा यादी अशी आहे: खडखडाट, घागर, नांगर, पन्हाळा, चप्पल, गुऱ्हाळ, गूळ, गुळाचा, ऊस, उसाचा. पहिल्या सहांना एकेक गुण. शेवटच्या चार शब्दांत दोन जोड्या आहेत. त्या प्रत्येक शब्दाला ‘सांगाड्याचा’ एक गुण, म्हणजे उकार सोडून बाकी सगळी अक्षरं जागच्या जागी असतील तर तो मिळतो. शिवाय प्रत्येक जोडीला नियमाचे दोन गुण. हे दोन गुण जोडीतले दोन्ही शब्द बरोबर असतील तरच द्यायचे. एकच बरोबर असेल तर शून्य, त्यात अर्धा गुण नाही.

हे कडक वाटेल, पण ते का ते एका वहीवरून सांगते. तुमच्या मुलासारखाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याने लिहिलं: खडखडाट, घागर, नागर, पनाळा, चप्पल, गुराळ, गुळ, गुळाचा, उस, उसाचा. जुन्या पद्धतीने त्याचे पाच शब्द बरोबर, म्हणजे दहापैकी पाच. माझ्या पद्धतीने पहिल्या पायरीचे तीनपैकी दोन, दुसरीचे तीनपैकी एक, सांगाड्याचे चारपैकी चार आणि नियमाचे चारपैकी शून्य. एकूण १४ पैकी सात. दोन्हीकडे निम्मेच! म्हणून एकूण बेरजेला मी फार किंमत देत नाही, वहीत हे चार आकडे वेगवेगळे लिहा. आकडे वेगळे झाले की दिसतं, की ‘गुळाचा’ आणि ‘उसाचा’ त्याला येत नव्हतेच. तो सगळे उकार ह्रस्व काढत होता, त्यात ते दोन आपसूक बरोबर पडले. जुन्या पद्धतीने त्याला त्याचे दोन गुण मिळत होते. शेजारच्या बाकावरची मुलगी सगळे दीर्घ काढायची, ‘गूळाचा’, ‘ऊसाचा’. तिलाही तेवढेच दोन गुण मिळायचे, आणि मी दोघांना एकच शेरा द्यायची: ‘शुद्धलेखन सुधारा’.

दुसरी गोष्ट म्हणजे पन्हाळा आणि गुऱ्हाळ या दोन वेगळ्या चुका नव्हत्या. दोन्हीत तोच हलका ह गेला होता, म्हणजे शिकवायची गोष्ट एकच होती. नांगरमधला अनुस्वार गेला तो बहुधा घाईचा. पुढच्या वेळी ‘डोंगर’ घालून बघितलं तर तो त्याने बरोबर लिहिला.

एक पथ्य मात्र पाळा. शब्द ज्या पायरीसाठी यादीत घेतलाय, तिच्याच चुकीचे गुण कापा. गुऱ्हाळ मी जोडाक्षरासाठी घेतला होता. कुणी ‘गूऱ्हाळ’ लिहिलं तर उकाराखाली पेन्सिलीने रेघ मारायची, पण गुण द्यायचा. खाडाखोडीचे गुणही कापू नका. मुलाने स्वतः चूक पकडून दुरुस्त केली असेल तर ती मला हवीच असते.

जोडीतले शब्द एकापाठोपाठ एक सांगू नका, मध्ये तीन-चार शब्द जाऊ द्या. आणि सांगताना ओढू नका. मी स्वतः कितीतरी वर्षं ‘गूऽऽळ’ असं लांबवून म्हणायची आणि वर्गाचे गुण चांगले यायचे. एकदा दुसऱ्या बाईंनी तीच यादी साध्या बोलीत सांगितली आणि सगळं उघडं पडलं. शब्द एकदा म्हणायचा, मग वाक्यात, मग पुन्हा एकदा, बाजारात बोलतो तसाच. वाक्य का हवं, ते चौथीत जास्त कळतं. ‘जहाज दर्यात गेलं’ आणि ‘पन्हाळ्याच्या दऱ्यांत धुकं होतं’ यांतला र कसा काढायचा ते वाक्याशिवाय ठरत नाही. सगळे शब्द झाले की यादी शेवटी एकदा सलग वाचायची, तेव्हा राहिलेलं पुरं करू द्यायचं.

घरात ‘पानी’, ‘बहीन’ म्हणणारी मुलं तुमच्याकडेही असतील. असे शब्द पहिल्या पायरीत टाकू नका, कारण त्यांच्या कानाला तिथे न च सवयीचा आहे. त्यांची वेगळी छोटी यादी करा आणि काही दिवस ती बिनगुणांची ठेवा. तसंच एखादे आजोबा नातवाच्या वहीत ‘घरात’वर अनुस्वार देऊन पाठवतील. ते चुकीचं शिकलेले नाहीत. आज शाळेत चालतात ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते १८ झाले. असे उच्चारात नसलेले अनुस्वार त्यात गेले. आजोबांना तेवढं सांगून टाका, मुलाचा गुण मात्र कापू नका.

आता त्या मुलाला काय शिकवायचं. मी त्याला दोनच वाक्यं दिली होती: शब्दाच्या शेवटी अ असेल तर त्याच्या आधीची वेलांटी-उकार दीर्घ. शब्दाला शेपूट लागून त्याचं रूप बदललं की तीच ह्रस्व. मग दूध-दुधात, फूल-फुलाचा, वीट-विटेवर, बहीण-बहिणीला अशा जोड्या फळ्यावर त्याच्याकडूनच करून घेतल्या. आठवड्याने चाचणी घेताना यातली एकही जोडी घेतली नाही, नाहीतर पाठांतर तपासलं जातं. मूल-मुलाला आणि गरीब-गरिबाला घेतल्या. नियमाचे चारपैकी दोन आले, मूलची जोडी जमली. त्याच आठवड्यात त्याने निबंधात ‘गूण’ असंही लिहिलं, आणि मला आनंदच झाला, कारण नियम डोक्यात शिरला होता. गुण, विष, मंदिर, मधुर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द नियमाबाहेर राहतात. ते तिसरीच्या यादीत मुद्दाम घालू नका. आधी नियम पक्का होऊ द्या, अपवाद चौथीत.

नियम पक्का झालाय का ते बघायला आपल्याकडे एक आयता शब्द आहे. ‘कोल्हापूर’, ‘कोल्हापुरात’, ‘कोल्हापुरी’ आणि ‘कोल्हापूरला’ हे चारही वेगवेगळ्या जागी टाकून सांगा. पूर दीर्घ, पुरात आणि पुरी ह्रस्व, आणि ‘ला’ लागताना मूळ शब्द बदलत नाही म्हणून पूरला पुन्हा दीर्घ. शिवाय ल्ह आहेच. माझ्या त्या मुलाने पहिले तीन बरोबर लिहिले आणि चौथा ‘कोल्हापुरला’ लिहिला. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘बाई, शेपूट लागलंय की.’ मग शेपटाआधी शब्दाचं रूप बदललं का ते बघायला शिकवण्यात आमचा पुढचा आठवडा गेला.