अष्टाक्षरीतले भरतीचे शब्द

प्रश्न: अष्टाक्षरीत अक्षरं आणि यमक जुळतं, पण ओळी ओढूनताणून केल्यासारख्या वाटतात. काय करू?

आधी भरतीची अक्षरं मोजा. समजा, ओळी अशा आहेत:

पाऊस तो आला बरे
भिजली ही माती खरे

‘तो’, ‘बरे’, ‘ही’, ‘खरे’ काढा. उरतं ‘पाऊस आला, भिजली माती’. म्हणजे आठपैकी पाचच अक्षरं कामाची, आणि यमक तर दोन्हीकडे भरतीवरच उभं! त्या तीन रिकाम्या जागांत दुसरा गोड शब्द कोंबू नका. पाऊस कधी आला, कुणाची धांदल उडाली, ते सांगा:

पाऊस आला दुपारी
वाळवण होतं दारी

अक्षरं आठच, पण आता काहीतरी घडतंय.

शब्दक्रमाचं म्हणाल तर मराठीत उलटा क्रम हा मुळात दोष नाही. ‘आला पाऊस’ आपण बोलतानाही म्हणतो. खटकतं ते विशेषण नामापासून तोडून यमकासाठी शेवटी नेलेलं: ‘घर पाहिले मी मोठे’. ‘मोठे घर मी पाहिले’ यातही आठच अक्षरं आहेत. मग हट्ट ‘मोठे’चा नको, जोडओळ ‘राहिले’वर संपवा. ओळ बोलल्यासारखी म्हणून पाहिली की असा सांधा लगेच कळतो.

‘गं’, ‘रे’ मात्र सरसकट खोडू नका. जात्यावरच्या ओवीतलं ‘बाई’ ऐकणारीला घातलेली साद असते. तुमच्या कवितेत समोर कुणीच नसेल, तर ती भरती.