गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचं बजेट आणि जाहीर हिशोब

प्रश्न: आमच्या गल्लीचं छोटं गणेशोत्सव मंडळ आहे, साधारण १८० घरं. यंदा खजिनदारपद माझ्याकडे आलंय. गेल्या वर्षी डेकोरेशनचा खर्च वाढत गेला, शेवटी चार जणांनी खिशातून पैसे घातले आणि नंतर हिशोबावरून भांडणं झाली. यंदा बजेट कसं बांधू आणि हिशोब लोकांसमोर कसा मांडू?

उत्तर:

मी अनेक वर्षं एका मंडळाचे हिशोब सांभाळतोय. माझ्या मते तुमच्याकडच्या भांडणाचं मूळ पैशांच्या तारखांमध्ये आहे. मूर्तिकार, मंडपवाला आणि डेकोरेशनवाला आगाऊ मागतात ते महिना-दीड महिना आधी. वर्गणीला जोर येतो प्रतिष्ठापनेच्या आठवडाभर आधी. दानपेटी आणि प्रसादाच्या लिलावाचे पैसे तर विसर्जनानंतर मोजले जातात. मधली खिंड कुणाच्या तरी खिशातून भरली जाते, आणि ते पैसे उसने होते की देणगी हे कुणीच लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून बजेट बांधताना ‘एकूण किती येतील’ याच्या जोडीला ‘कधी येतील’ हेही लिहा.

तुमच्या मंडळाएवढ्या आकाराचं उदाहरण घेतो. आकडे कल्पित आहेत, तुमचे तुम्ही घाला. जमेचे तीन थर करा. पहिला थर पक्क्या पैशांचा: गेल्या वर्षीची शिल्लक १४,००० आणि घरोघरची वर्गणी. वर्गणीसाठी मागच्या तीन वर्षांतला सगळ्यात कमी आकडा धरा, समजा १,०५,०००. १८० घरं गुणिले हजार असा हिशोब करू नका. काही घरं बंद असतात, काही भाडेकरू बदललेले असतात, काहीजण मनाला येईल तेवढं देतात, आणि तसंच असायला हवं. दुसरा थर बोललेल्या पैशांचा, म्हणजे दुकानदारांच्या देणग्या आणि कमानीवरच्या जाहिराती. तोंडी ६०,००० ठरले असतील तर बजेटमध्ये ४०,००० धरा. तिसरा थर दानपेटी, आरतीचं ताट आणि लिलाव यांचा. तो यंदाच्या बजेटमध्ये शून्य धरायचा. तिथे कितीही येत असले तरी शून्यच, कारण ते पैसे खर्च होऊन गेल्यावर हातात येतात.

म्हणजे खर्चाला १,५९,००० आहेत. आता टाळता न येणारे खर्च आधी वजा करा: मूर्ती २२,०००, मंडप ३८,०००, पूजा आणि प्रसाद १८,०००, मिरवणूक २०,०००, वीज ९,०००, पावती पुस्तकं आणि फलक ३,०००, विसर्जनानंतरची साफसफाई २,०००. बेरीज १,१२,०००. उरले ४७,०००. त्यातून एकूण बजेटच्या साधारण दहा टक्के, म्हणजे १६,०००, राखीव म्हणून बाजूला काढा. डेकोरेशनला राहिले ३१,०००.

हा आकडा पोरांना आवडणार नाही, हे मला माहीत आहे. पण बैठकीत तो सगळ्यात शेवटी, वजाबाकी करून फळ्यावर लिहिला की वाद कमी होतो. आधी देखावा ठरवून मग पैसे शोधायला निघालेल्या मंडळांत मार्ग दोनच उरतात: एकतर लोकांवर वर्गणीसाठी दबाव, नाहीतर कार्यकर्त्यांच्या खिशाला कात्री.

डेकोरेशनचे दोन भाग पाडा. पहिला भाग स्टेज, मखर आणि मागची पार्श्वभूमी. तो ३१,००० मध्ये बसवायचा आणि लगेच ठरवून टाकायचा. दुसरा भाग गल्लीतली रोषणाई, जास्तीच्या माळा, कमानीवरचे दिवे. तो प्रतिष्ठापनेच्या पाच दिवस आधी ठरवायचा, खात्यातला आकडा बघून. समजा त्या दिवसापर्यंत शिल्लक धरून १,५२,००० जमा झाले आहेत: ९२,००० वर्गणी, ४६,००० देणग्या आणि जाहिराती, १४,००० जुने. वर्गणीचे पक्के धरलेले १३,००० अजून यायचेत, म्हणजे १,६५,०००. ठरलेले खर्च आणि राखीव मिळून १,५९,०००. तेव्हा रोषणाईला ६,००० मिळाले, त्याहून जास्त नाहीत. हा निर्णय घेताना ‘पेटीत येतीलच की’ हे वाक्य कुणीतरी म्हणणारच. तिथे ठाम राहा.

डेकोरेशन वाढतं ते बहुतेक वेळा दरपत्रकात न लिहिलेल्या गोष्टींमुळे. कंत्राटदार ‘सगळं मिळून पस्तीस’ म्हणतो आणि बिलात बांधणीचे दोन दिवस आणि काढणीचा एक दिवस भाड्यात मोजलेले असतात, टेम्पोची ने-आण वेगळी, रात्री थांबणारा वायरमन वेगळा, जनरेटरचं डिझेल वेगळं. म्हणून दरपत्रक लेखी घ्या आणि त्यात चार गोष्टी स्वच्छ मागा: भाडं कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, वाहतूक आणि मजुरी धरून की सोडून, जीएसटी धरून की वरून, आणि पावसाने कापड किंवा दिवे खराब झाले तर कुणाचं नुकसान. भाद्रपदात पाऊस असतोच, त्यामुळे शेवटची अट महत्त्वाची. नंतर वाढवलेली प्रत्येक गोष्ट त्याच कागदाखाली रकमेसह लिहून दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या. ‘दादा, ते पण लावून टाका’ असं मंडपात उभं राहून सांगण्याचा अधिकार कुणालाच नको.

आता आगाऊ रकमांचं बघू. मंडपाला १९,०००, मूर्तीला १०,००० आणि डेकोरेशनला १०,००० असे ३९,००० आधी लागतील आणि तुमच्याकडे आहेत १४,०००. ही २५,००० ची खिंड यंदा कशी भरायची? दरवर्षी न चुकता देणाऱ्या घरांकडे आधी जा, ती लवकर देतात. तरीही कुणाला खिशातून घालावेच लागले तर त्याच दिवशी लेखी ठरवा: देणगी असेल तर देणगीची पावती, उसने असतील तर वहीत नाव, रक्कम आणि परतीची तारीख, खाली देणाऱ्याची आणि अध्यक्षांची सही. परत दिल्यावर पोहोच घ्या. जाहीर हिशोबात उसने पैसे जमेला आणि परतफेड खर्चाला दिसलीच पाहिजे. मात्र देणग्यांच्या बेरजेत ते मिसळू नका.

पैसे गोळा करायच्या आधी परवानगी लागते हे विसरू नका. मंडळाची नोंदणी नसेल तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. उत्सव झाल्यावर परवानगीत दिलेल्या मुदतीत हिशोबही द्यायचा असतो. त्यामुळे जाहीर हिशोब नीट केला की तोच कागद तिथेही कामाला येतो.

जाहीर हिशोबाचा पाया पावती पुस्तकात आहे. प्रत्येकी पन्नास पावत्यांची सहा पुस्तकं छापली तर त्यांना क्रमांक द्या आणि कुठलं पुस्तक कुणाकडे, कधी दिलं, कधी परत आलं हे एका पानावर सहीसह लिहा. परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाचा मेळ पन्नासाशी लागला पाहिजे. उदाहरणार्थ पुस्तक क्रमांक ४: ४१ दिलेल्या, २ रद्द, ७ कोऱ्या. रद्द पावतीची मूळ प्रत स्थळप्रतीला टाचलेली हवी. ती नसेल तर त्या पावतीचे पैसे आले असंच धरून विचारणा करा. स्थळप्रतींची बेरीज आणि रोख अधिक यूपीआय यांची बेरीज रोज रात्री जुळवा. यूपीआयने दिलेल्या वर्गणीचीही पावती फाडा आणि तिच्यावर तसं लिहा, नाहीतर बँकेचा आकडा आणि पुस्तकांचा आकडा कधीच जुळत नाही. क्यूआर मंडळाच्या खात्याचाच हवा. मंडळाच्या नावाने खातं नसेल तर निदान दोन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त नावाने, फक्त याच कामासाठी, वेगळं खातं ठेवा.

यात एक नियम मी कधीच मोडू देत नाही: गोळा केलेल्या वर्गणीतून परस्पर खर्च करायचा नाही. फुलवाल्याला द्यायला दोन हजार हवे असतील तर आधी सगळी वर्गणी भरायची, मग खर्चासाठी वेगळे काढायचे. परस्पर दिलेले पैसे प्रामाणिकपणे दिलेले असले तरी कागदावर ते गायब झालेलेच दिसतात, आणि संशय चांगल्या कार्यकर्त्यावर येतो.

तसंच, कुणी मूर्तीचे २२,००० थेट मूर्तिकाराला दिले तर ते हिशोबाबाहेर ठेवू नका. जमेला २२,००० आणि खर्चाला २२,००० अशी दोन्हीकडे नोंद करा. नाहीतर पुढच्या वर्षीचा खजिनदार मूर्ती फुकटच येते असं समजून बजेट बांधेल. हार, नारळ, तांदूळ असं वस्तुरूपात आलेलं मात्र नावांसह वेगळ्या यादीत द्यावं, त्याची किंमत लावत बसू नये.

पत्रक एका पानाचं असावं. आपल्याच उदाहरणात शेवटी असं दिसेल: आरंभीची शिल्लक १४,०००, वर्गणी १,१६,४००, देणग्या आणि जाहिराती ४६,०००, दानपेटी आणि लिलाव ३४,३५०, एकूण २,१०,७५०. खर्च १,५८,५००, त्यात पावसामुळे वाढलेले ९,५०० वेगळ्या ओळीत. महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीची अनामत ५,००० ही खर्चात दडवू नका, कारण ती परत मिळायची असते. ती स्वतंत्र ओळीत ‘येणे’ म्हणून दाखवा. उरले ४७,२५०, पैकी बँकेत ४५,६०० आणि हातात १,६५०. शिल्लक अशी फोडून दाखवली की वाचणारा पासबुकाशी ताडून बघू शकतो. प्रत्येक खर्चाच्या ओळीशेजारी बजेटचा आकडाही छापा. मंडप ३८,००० ठरला होता आणि किती लागला, हे लोकांना तिथल्या तिथे कळतं आणि निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

देणगीदारांची नावं आणि रकमा जरूर लावा. घरोघरच्या वर्गणीसाठी मला पावती क्रमांक आणि रक्कम एवढीच यादी बरी वाटते. ज्याच्याकडे पावती आहे तो आपला क्रमांक शोधून खात्री करतो, आणि कुणी कमी दिले किंवा दिलेच नाहीत याची गल्लीत चर्चा होत नाही. न देणाऱ्यांची यादी फलकावर लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

विसर्जनानंतर पंधरा दिवसांत पत्रक फलकावर लावा आणि त्यानंतरच्या रविवारी बिलांची फाईल, स्थळप्रती आणि पासबुक टेबलावर मांडून दोन तास बसा. त्याआधी कार्यकारिणीत नसलेल्या दोघांकडून हिशोब तपासून सह्या घ्या. आणि त्या बैठकीतच ठराव करून घ्या की ४७,२५० मधले ३९,००० पुढच्या वर्षीच्या आगाऊ रकमांसाठी खात्यातच राहतील, त्यातून सहल किंवा जेवण होणार नाही. पुढच्या वर्षी मूर्तिकाराकडे जाताना कुणाच्या खिशात हात घालावा लागणार नाही.