काट्यावरचं व्हिसरल फॅट आणि सीटी

प्रश्न: घरच्या काट्यावर व्हिसरल फॅट १२ येतं. मुतखड्यासाठी पुण्यात सीटी झालाय, त्यात खरा आकडा कळेल का?

उत्तर: हो, कळेल. रेडिओलॉजिस्टकडून नाभीच्या पातळीवरच्या छेदात आतड्यांभोवतीच्या चरबीचं, म्हणजेच व्हिसरल फॅटचं, क्षेत्रफळ मोजून मागा. नेहमीच्या रिपोर्टमध्ये ते नसतं. साधारण १०० चौरस सेंटिमीटरच्या वर म्हणजे जास्त.

काट्याचा करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, पोटात जेमतेम शिरतो. म्हणून १२ हा वय, उंची, वजन धरून काढलेला अंदाज. काट्याच्या प्रोफाइलमध्ये वय १० वर्षं वाढवून पुन्हा उभे राहा. पोट तेच, तरी आकडा बहुधा वाढेल. फक्त यासाठी नवा सीटी मात्र अजिबात करू नका, उगाच रेडिएशन अंगावर घ्याल. त्यापेक्षा महिन्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून कंबर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० ही आपली मर्यादा.