डीव्हीडीचा वर्णपटमापक: आधी फट, मग मापन

फटीतून आलेला प्रकाश डीव्हीडीच्या तुकड्याने रंगांत पसरवून मोबाईलने टिपायचा, असा हा वर्णपटमापक. त्यात रंगांचे पट्टे पुसट येतात म्हणून मोबाईल बदलू नका, दोष बहुतेक फटीत असतो. दोन ब्लेडच्या धारा समोरासमोर चिकटवून साधारण 0.2 मिमी फट करा. पुठ्ठ्यात कात्रीने कापलेली फट रुंद आणि खडबडीत होते, मग शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात.

कोऱ्या डीव्हीडी-आरचे दोन थर वेगळे करा, पारदर्शक थरावरचा जांभळा रंग स्पिरिटने धुवा आणि बाहेरच्या कडेजवळचा तुकडा घ्या, तिथे खाचा जास्त सरळ असतात. फट खाचांना समांतर हवी. खाचांमधलं अंतर 0.74 मायक्रॉन असल्याने हिरवा रंग सुमारे 47 अंशांवर दिसतो, कॅमेरा तिकडे वळवा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा.

कोणता पिक्सेल म्हणजे कोणती तरंगलांबी, हे ठरवायच्या मापनासाठी सीएफएल दिवा लावा. समजा, पाऱ्याची 436 नॅनोमीटरची निळी रेषा 620व्या पिक्सेलवर आणि 546ची हिरवी 1060वर आली. म्हणजे 440 पिक्सेलला 110 नॅनोमीटर, एका पिक्सेलला 0.25. तांबडी 611ची रेषा 1320च्या आसपास आली तर जुळणी ठीक. यानंतर मोबाईल हलला, तर मापन पुन्हा करा.

द्रावण कोणता रंग शोषतं हे बघण्यासाठी आधी साध्या पाण्यातून आलेल्या प्रकाशाचा फोटो घ्या, मग त्याच भांड्यात पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी द्रावण. 500 ते 570 दरम्यान हिरवा भाग काळवंडेल. गडद द्रावणात सगळंच काळं दिसतं. दिवा म्हणून पांढरा एलईडी वापरला, तर त्याच्या प्रकाशात 480जवळ मुळातच खळगा असतो, तो द्रावणाच्या माथी मारू नका. शोषणाचे आकडे नंतर बघू.