शेवटचा विभाग दरवेळी अर्धा राहतोय? मिनिटांची वाटणी अशी करा

प्रश्न: पेपर १०० प्रश्नांचा, वेळ ९० मिनिटं, ओएमआर शीट. गणित, बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान, प्रत्येकी २५ प्रश्न. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. मी प्रत्येक विभागाला साडेबावीस मिनिटं ठरवतो, तरी मॉकमध्ये शेवटचा विभाग अर्धा राहतोच. मिनिटं कशी वाटायची आणि त्याचा सराव कसा करायचा?

उत्तर:

साडेबावीसची समान वाटणी आधी सोडून द्या. चारही विभागांना गुण सारखे असले तरी प्रश्न सुटायला लागणारा वेळ सारखा नसतो. सामान्य ज्ञानाचा प्रश्न वाचला की उत्तर येतं किंवा येत नाही, जास्त वेळ बसून ते येणार नसतं. गणितात मात्र बसलं की काहीतरी पुढे सरकतंय असं वाटत राहतं आणि तिथेच मिनिटं जातात.

वाटणी ठरवण्याआधी स्वतःचा वेळ नेमका कुठे जातो ते मोजावं लागतं. त्यासाठी एक मॉक जसा सोडवता तसाच सोडवा, फक्त दर पाच प्रश्नांनी प्रश्नपत्रिकेच्या समासात घड्याळातली वेळ लिहा. ११:०६, ११:१५, एवढंच. दोन सेकंदांचं काम आहे. ‘माझं गणित स्लो आहे’ हे सगळेच सांगतात, पण कोणत्या पाच प्रश्नांनी वेळ खाल्ला हे समासातल्या आकड्यांशिवाय कुणालाच आठवत नाही.

मी मॉक घेतो आणि मुलांबरोबर बसून ते तपासतो. त्यातल्या एका मुलीचा असाच समास इथे मांडतो, कारण तिचा पेपर तुमच्यासारखाच होता. ती छापील क्रमाने गेली. गणिताला ३८ मिनिटं, बुद्धिमत्तेला २७, भाषेला १३. सामान्य ज्ञानाला उरली ७ आणि शेवटच्या ५ मिनिटांत सगळे गोल घाईघाईत भरले. गणितात २० सोडवले, १५ बरोबर. बुद्धिमत्तेत २१ पैकी १७, भाषेत २२ पैकी १८. सामान्य ज्ञानाचे १४च प्रश्न वाचून झाले, त्यात ८ बरोबर. वजाबाकी धरून एकूण ५३.२५ गुण.

आम्ही दोन गोष्टी पाहिल्या. गणितात तीनच उदाहरणांनी मिळून १३ मिनिटं घेतली होती. त्यातलं एक बरोबर आलं, दोन चुकली, म्हणजे १३ मिनिटांची कमाई अर्धा गुण. मग सामान्य ज्ञानाचे न वाचलेले ११ प्रश्न तिला नुसते वाचायला दिले. त्यातले ६ तिला येत होते.

वाटणीचं सगळं गणित यात आलं. एखाद्या विभागात एकूण किती गुण मिळाले हे फारसं कामाचं नाही, त्या विभागातल्या शेवटच्या दहा मिनिटांनी किती गुण दिले ते बघायचं. तिथे अर्धा-एक गुण मिळत असेल आणि दुसरीकडे न वाचलेले प्रश्न पडून असतील, तर मिनिटं तिकडे न्यायची.

तिच्यासाठी ठरवलेली वाटणी अशी होती: सामान्य ज्ञान १३ मिनिटं, भाषा १६, बुद्धिमत्ता २२, गणित २५. झाले ७६. त्यानंतर १२ मिनिटांची दुसरी फेरी आणि २ मिनिटं शिल्लक. गोल भरायचा वेळ यातच धरलेला आहे. एक गोल नीट भरायला साधारण पाच सेकंद लागतात. ८०-८५ गोल म्हणजे सात मिनिटं. ही सात मिनिटं बहुतेकांच्या हिशोबात नसतातच, आणि तुमचा अर्धा राहिलेला विभाग काही अंशी इथेच अडकला असणार. ९० मिनिटांना चारने भागताना ओएमआर कुठे धरलीत?

गोल पानागणिक भरा. पान उलटण्याआधी त्या पानावरची उत्तरं शीटवर गेलेली असली पाहिजेत. प्रत्येक प्रश्नाला लगेच भरलं तर लय तुटते, शेवटी भरलं तर सोडलेल्या प्रश्नांमुळे एक ओळ सरकते आणि पुढचं सगळं चुकतं. पानागणिक भरताना पानावरच्या शेवटच्या प्रश्नाचा क्रमांक शीटशी जुळतो का ते पाहिलं की चूक झालीच तरी त्या पानापुरतीच राहते.

गणिताच्या २५ मिनिटांत २५ उदाहरणं होणार नाहीत, ते गृहीतच धरायचं. उदाहरण वाचून पंधरा सेकंदांत रीत दिसली नाही तर पुढे. रीत दिसली की सरासरी ८० सेकंद. असे १६ सोडवायला २१ मिनिटांच्या थोडं वर लागतात, सोडलेले ९ नुसते वाचायला सव्वादोन मिनिटं, गोलांना सव्वा-दीड. पंचवीस भरली. तुमचा वेग वेगळा असेल तर ८० च्या जागी तुमचा आकडा घाला, पण १६ हा आकडा तरी ठरवून आत जा. ‘जमतील तेवढे’ ठरवून गेलेला माणूस तिसऱ्याच उदाहरणाला अडकून बसतो.

पहिल्या फेरीत प्रश्नपत्रिकेवर दोनच खुणा ठेवा (तशी परवानगी असेल तर, नसेल तर कच्च्या कामाच्या जागेत प्रश्न क्रमांक लिहा). रीत माहीत आहे पण वेळ लागेल त्याला गोल, अजिबात येत नाही त्याला फुली. दुसऱ्या फेरीत फक्त गोलवाले घ्यायचे. फुलीवाल्यांकडे परत जायचं नाही. पाव गुणाच्या वजाबाकीत दोन पर्याय खात्रीने बाद होत असतील तर उत्तर देणं परवडतं, पण तो निर्णय पहिल्याच वाचनात होतो, त्यासाठी प्रश्न मागे ठेवायची गरज नसते.

आता सराव. ‘बुद्धिमत्ता २२ मिनिटं’ अशी वाटणी लक्षात ठेवली तर पेपरात वजाबाक्या करत बसाल. मिनिटांची घड्याळी वेळ करून टाका. पेपर ११ ला सुरू होत असेल तर सामान्य ज्ञान ११:१३ ला संपतं, भाषा ११:२९, बुद्धिमत्ता ११:५१, गणित १२:१६, दुसरी फेरी १२:२८. हे पाच आकडे पाठ पाहिजेत. मॉकही त्याच वेळेला, त्याच क्रमाने आणि कागदावरच सोडवा. खरी परीक्षा ओएमआरवर असताना मोबाईलवर दिलेल्या मॉकमधून वेगाचा काही अंदाज येत नाही, कारण तिथे गोलही नाहीत आणि पान उलटणंही नाही.

लगेच पूर्ण मॉकवर जाऊ नका. आधी एकेक विभाग त्याच्या ठरलेल्या मिनिटांत सोडवा आणि वेळ संपली की पेन खाली. इथे बहुतेक जण ‘हे एवढं उदाहरण संपवतो’ म्हणतात. ते उदाहरण संपवायचं नाही. अर्धवट सोडून पुढे जाता येणं हाच तर सराव आहे, तो घरी केला नाही तर परीक्षेत आयता जमत नाही. मग दोन विभाग जोडून, मग पूर्ण पेपर. घड्याळाकडे विभागात दोनदाच बघायचं, मध्यावर आणि शेवटी. गणितात बारा मिनिटं झाली तेव्हा बाराव्या-तेराव्या प्रश्नापाशी असाल तर ठीक. प्रत्येक प्रश्नाला मान वर करणाऱ्याचा वेळ बघण्यातच जातो.

एखादा विभाग लांबला तर? भाषेत मोठा उतारा आला आणि ११:२९ ऐवजी ११:३३ झाले, तर ती चार मिनिटं दुसऱ्या फेरीतून वळती करा, बुद्धिमत्तेतून नाही. बुद्धिमत्तेला तिची २२ मिनिटं मिळालीच पाहिजेत, फक्त संपायची वेळ ११:५५ होईल. पुढच्या विभागातून उसने घेतले की तो घाईत होतो, त्यात चुका वाढतात, आणि शेवटचा विभाग अर्धा राहतो. तुमचं बहुधा हेच होत असावं. दुसऱ्या फेरीची बाराच्या बारा मिनिटं संपली तरच गणिताला हात लावायचा, आणि तेव्हा १६ चा आकडा कमी करायचा, प्रत्येक उदाहरणाचा वेग वाढवायचा नाही.

त्या मुलीचे या वाटणीनंतर वेग बसल्यावरच्या मॉकमधले आकडे: सामान्य ज्ञान २१ पैकी १४ बरोबर, भाषा २३ पैकी १९, बुद्धिमत्ता २० पैकी १७, गणित १७ पैकी १४. एकूण ५९.७५. साडेसहा गुण वाढले, पण गणितात अर्धा गुण कमीच झाला, हे मुद्दाम सांगतो. जवळजवळ सगळी वाढ सामान्य ज्ञानातून आली, आणि मधल्या काळात तिने त्या विषयाचं नवीन काही वाचलेलं नव्हतं. भाषेचा एक गुण बहुधा त्या दिवशीच्या पेपरचा, वाटणीचा नव्हे.

वाटणी एका मॉकवरून बदलू नका. एखादा पेपर अवघड असतो, एखाद्या दिवशी झोप झालेली नसते. लागोपाठ तीन मॉकमध्ये एकाच विभागात वेळ उरत असेल किंवा कमी पडत असेल तरच बदला, तेही एका वेळी दोन-तीन मिनिटं. शेवटच्या एक-दोन मॉकमध्ये काहीच बदलायचं नाही, चालत असलेली वाटणी तशीच परीक्षेत न्यायची.

परीक्षेच्या सूचना मात्र आधी नीट वाचा. काही संगणकीय परीक्षांमध्ये प्रत्येक विभागाचा वेळ बंदिस्त असतो, तो संपला की स्क्रीन आपोआप पुढे जाते. तिथे मिनिटं इकडून तिकडे नेताच येत नाहीत, म्हणून दुसरी फेरी प्रत्येक विभागाच्या आतच, शेवटच्या तीन-चार मिनिटांत ठेवावी लागते. आणि मनगटी घड्याळ आत नेऊ देत नसतील, वर्गात घड्याळ दिसत नसेल, पण दर अर्ध्या तासाला घंटा होत असेल, तर पाच आकड्यांऐवजी दोनच लक्षात ठेवा. पहिल्या घंटेला, साडेअकराला, भाषा संपून बुद्धिमत्तेचा पहिला प्रश्न समोर हवा. दुसऱ्या घंटेला, बाराला, गणिताच्या नवव्या प्रश्नाच्या आसपास. त्यासाठी दोन-तीन मॉक घड्याळ पालथं ठेवून, फोनवर फक्त अर्ध्या तासाचा गजर लावून सोडवा.