झोपेआधीचा सौना: वेळेचे गणित

आपण रात्री १० वाजता सौनातून निघता, साडेदहाला अंथरुणावर पडता आणि १२ पर्यंत कूस बदलत राहता, यात दोष सौनाचा नसून वेळेचा आहे. झोप उष्णतेने येत नाही; नंतर हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडून शरीराचे आतले तापमान उतरू लागते, तेव्हा ती येते. म्हणून झोपण्याच्या दीड-दोन तास आधीच बाहेर पडावे. सुरुवातीला १० मिनिटे पुरेत. स्टीम रूममध्ये घाम वाळत नाही, तिथे आणखी कमी. हॉट टबचे पाणी ४० अंशांपुढे नको. घाम थांबलेला नसेल आणि नाडी जलद असेल, तर आडवे होण्याची घाई करू नये. लातूर-नांदेडकडे मे महिन्यात रात्रीही खोली तापलेली असते, शरीर निवतच नाही. कूलर नसेल तर तेव्हा हा बेत सरळ टाळावा.